अंतर्गत प्रतिमान नियंत्रण पद्धती आणि प्रथम-क्रम प्रक्रियेसाठी पीआयडी नियंत्रकाच्या मूल्यांची निश्चिती

सारांश

अंतर्गत प्रतिमान नियंत्रण या पद्धतीत प्रक्रियेचे गणिती प्रतिमान नियंत्रकाच्या आतच अंतर्भूत केलेले असते. प्रक्रिया प्रथम क्रमाची असेल, तर या मांडणीतून निघणारा नियंत्रक हा परिचित पीआय नियंत्रकच असतो, आणि त्याची दोन मूल्ये ठरविण्यासाठी केवळ एकच राशी निवडावी लागते. प्रस्तुत लेखात ही व्युत्पत्ती क्रमाने मांडली असून पाणी तापविण्याच्या टाकीच्या उदाहरणावरून तिचे संख्यात्मक विवेचन केले आहे. इष्ट मूल्य बदलल्यावर उत्तम भासणारा हा नियंत्रक बाह्य व्यत्ययानंतर मात्र संथ का ठरतो, याचीही कारणमीमांसा केली आहे.

बीजसंज्ञा : अंतर्गत प्रतिमान, पीआयडी नियंत्रक, कालांक, मृतकाल, व्यत्यय

1. प्रस्तावना

पीआयडी नियंत्रकात तीन मूल्ये ठरवावी लागतात : प्रमाणी गेन, संकलन काल आणि विकलन काल. ही मूल्ये ठरविण्याची सर्वांत प्रसिद्ध पद्धत झिगलर व निकल्स यांनी 1942 मध्ये मांडली. तीत प्रक्रियेवर प्रयोग करून मिळालेल्या संख्या ठरावीक सूत्रांत घातल्या की तिन्ही मूल्ये मिळतात. मात्र ती सूत्रे प्रयोगसिद्ध आहेत. ती अमुकच का, याचे उत्तर त्यांच्यात सापडत नाही. शिवाय त्यांतून मिळणारा प्रतिसाद बराच आंदोलित असतो, आणि तो शांत करावयाचा झाल्यास तिन्हींपैकी कोणते मूल्य किती बदलावे, हे सूत्र सांगत नाही.

गार्सिया आणि मोरारी यांनी 1982 मध्ये अंतर्गत प्रतिमान नियंत्रणाची सुसंगत मांडणी केली. पुढे रिव्हेरा, मोरारी आणि स्कोगेस्टाड यांनी 1986 मध्ये असे दाखवून दिले की, साध्या प्रक्रियांसाठी या पद्धतीतून थेट पीआयडी नियंत्रकच निष्पन्न होतो. म्हणजे कारखान्यात आधीपासून बसविलेले उपकरण न बदलता केवळ त्याची मूल्ये तर्कशुद्ध रीतीने ठरविता येतात. हे कसे घडते व त्याच्या मर्यादा कोणत्या, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

2. मूळ कल्पना

नेहमीच्या पुनर्भरण पद्धतीत मोजलेले मूल्य इष्ट मूल्यातून वजा करतात व ती त्रुटी नियंत्रकाला देतात. अंतर्गत प्रतिमान पद्धतीत थोडा निराळा विचार आहे. नियंत्रकाचा आदेश एकाच वेळी दोन ठिकाणी जातो : एक, प्रत्यक्ष प्रक्रियेकडे, आणि दुसरा, तिच्या गणिती प्रतिमानाकडे. प्रक्रियेचे मोजलेले मूल्य आणि प्रतिमानाने वर्तविलेले मूल्य यांतील फरक काढून तेवढाच मागे पाठविला जातो.

हा फरक शून्य असेल तर त्याचा अर्थ असा की, प्रतिमान अचूक आहे आणि बाहेरून कोणताही व्यत्यय आलेला नाही. अशा वेळी मागे पाठविण्याजोगी कोणतीही नवी माहिती नसते. फरक शून्य नसेल, तर तो एकतर व्यत्यय असतो किंवा प्रतिमानाची चूक असते. पुनर्भरणाची गरज नेमकी याच दोन कारणांसाठी असते. ही मांडणी ती गरज वेगळी करून दाखविते, हे तिचे वैशिष्ट्य होय.

प्रतिमान अचूक असल्यास इष्ट मूल्यापासून प्रत्यक्ष मूल्यापर्यंतचा संबंध केवळ G·Q एवढाच उरतो. येथे G म्हणजे प्रक्रियेचे ट्रान्सफर फंक्शन आणि Q म्हणजे अंतर्गत प्रतिमान नियंत्रक. मग Q हा G चा व्यस्त घेतला की गुणाकार 1 होईल व प्रतिसाद परिपूर्ण होईल, असे सकृद्दर्शनी वाटते. परंतु हे प्रत्यक्षात शक्य नाही, आणि ते का शक्य नाही यातूनच पुढील सर्व सूत्रे निर्माण होतात.

3. प्रथम-क्रम प्रक्रियेसाठी व्युत्पत्ती

प्रथम-क्रम प्रक्रियेचे ट्रान्सफर फंक्शन पुढीलप्रमाणे असते.

G(s) = K / (τs + 1)

येथे K हा प्रक्रियेचा गेन आणि τ हा तिचा कालांक होय. याचा व्यस्त (τs + 1)/K असा येतो. त्याच्या अंशस्थानी s असून छेदस्थानी नाही. म्हणजे हा नियंत्रक शुद्ध विकलन करू पाहतो, आणि इष्ट मूल्य एकदम बदलल्यास अनंत मोठा आदेश मागतो. असे उपकरण बनविता येत नाही. म्हणून या व्यस्ताला प्रथम क्रमाचा एक फिल्टर जोडतात.

Q(s) = (τs + 1) / [K(λs + 1)]

λ हा फिल्टरचा कालांक. प्रतिमान अचूक असेल तर G·Q = 1/(λs + 1) एवढेच उरते. याचा अर्थ असा की, λ म्हणजे बंद वलयाने किती चपळपणे वागावे याविषयीची मागणी होय. प्रक्रियेचा स्वतःचा कालांक τ असला, तरी नियंत्रणाखाली तिने λ या कालांकाने वागावे, असे अभियंता ठरवितो.

आता ही मांडणी नेहमीच्या पुनर्भरणाच्या रूपात आणावयाची आहे. नियंत्रकाच्या आतील प्रतिमान Q च्या भोवती धन पुनर्भरणाचे वलय तयार करते. ते सोडविले की समतुल्य नेहमीचा नियंत्रक C मिळतो.

C(s) = Q / (1 − G·Q)

G·Q ची किंमत घातल्यास छेदातील 1 − 1/(λs + 1) चे रूपांतर λs/(λs + 1) मध्ये होते. (λs + 1) हा अवयव वर-खाली छेदला जातो आणि पुढील निष्पत्ती मिळते.

C(s) = (τs + 1) / (Kλs) = (τ / Kλ) · [1 + 1/(τs)]

ही पीआय नियंत्रकाचीच समीकरणपद्धती आहे. दोन्ही बाजूंची तुलना केल्यास प्रमाणी गेन व संकलन काल लगेच वाचता येतात.

Kc = τ / (Kλ),  Ti = τ,  Td = 0

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, संकलन क्रिया कोणी मुद्दाम घातलेली नाही. स्थिर अवस्थेत Q हा प्रतिमानाचा नेमका व्यस्त असल्यामुळे 1 − G·Q ही राशी s = 0 येथे शून्य होते, आणि C च्या छेदात s आपोआप येतो. स्थिर त्रुटी शून्य व्हावी ही अपेक्षा त्यामुळे व्युत्पत्तीतच पूर्ण होते. दुसरी, विकलन क्रिया येथे शून्य आहे. शुद्ध प्रथम-क्रम प्रक्रियेला विकलनाची आवश्यकताच नाही, असा या निष्पत्तीचा अर्थ होतो.

4. उदाहरण : पाणी तापविण्याची टाकी

सतत ढवळल्या जाणाऱ्या 30 लिटरच्या टाकीतून मिनिटाला 6 लिटर पाणी वाहते. टाकीत 25 किलोवॅटचा विद्युत तापक आहे. आत येणारे पाणी 25 °से. तापमानाचे असून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान 40 °से. ठेवावयाचे आहे. भिंतींतून होणारी उष्णतेची हानी येथे दुर्लक्षिली आहे.

कालांक म्हणजे घनफळ भागिले प्रवाह, म्हणजेच 5 मिनिटे किंवा 300 सेकंद. तापक पूर्ण क्षमतेने चालविल्यास पाण्याचे तापमान सुमारे 60 °से. ने वाढते. म्हणून तापकाच्या आदेशातील प्रत्येक टक्क्यामागे K = 0.6 °से. येतो. प्रयोगाने याचा पडताळा घेता येतो. तापकाचा आदेश 25 टक्क्यांवरून 35 टक्क्यांवर नेल्यास तापमान कालांतराने 46 °से. वर स्थिरावले पाहिजे. त्या बदलाचा 63.2 टक्के भाग, म्हणजे 43.8 °से. हे तापमान, बदलानंतर 300 सेकंदांनी गाठले गेले पाहिजे.

λ = 100 सेकंद निवडल्यास Kc = 300/(0.6 × 100) = 5 टक्के प्रति °से. आणि Ti = 300 सेकंद येतो. इष्ट मूल्य 40 वरून 45 °से. केल्यास तापकाचा आदेश तत्क्षणी 25 टक्क्यांनी वाढून 50 टक्के होतो, आणि मग उतरत 33.3 टक्क्यांवर स्थिरावतो. तापमान 300 सेकंदांत बदलाचा 95 टक्के भाग पूर्ण करते, आणि इष्ट मूल्याच्या वर जात नाही.

λ आणखी कमी करण्याचा मोह येथे होतो. λ = 30 सेकंद घेतल्यास Kc = 16.7 होतो, आणि त्याच 5 °से. च्या बदलासाठी आदेश एकदम 83 टक्क्यांनी वाढू पाहतो. आधीच्या 25 टक्क्यांसह ही मागणी 108 टक्के होते. तापक मात्र 100 टक्क्यांपुढे जाऊ शकत नाही. आरंभीची उडी ही अंतिम बदलाच्या τ/λ पट असते, हे सूत्र ध्यानात ठेवल्यास λ ची व्यवहार्य खालची मर्यादा तापकाच्या क्षमतेवरून आधीच काढता येते. उलट λ = 300 घेतल्यास आदेश एकदाच 8.3 टक्क्यांनी वाढून तेथेच राहतो. म्हणजे नियंत्रक प्रक्रियेला मुळीच वेग देत नाही.

ही मूल्ये उपकरणात भरताना एककांकडे लक्ष द्यावे लागते. अनेक उपकरणांत गेनऐवजी प्रमाणी पट्टा टक्क्यांत मागितलेला असतो. तापमापकाची व्याप्ती 0 ते 100 °से. असेल तर Kc = 5 याचा प्रमाणी पट्टा 100/5 = 20 टक्के होतो. संकलन काल काही उपकरणांत मिनिटांत, तर काहींत त्याच्या व्यस्तात, म्हणजे दर मिनिटाच्या आवर्तनांत मागितला जातो. 300 सेकंदांसाठी ही मूल्ये अनुक्रमे 5 आणि 0.2 अशी येतात. त्यांची अदलाबदल झाल्यास दोन्ही प्रकारच्या उपकरणांत संकलन क्रिया 25 पट तीव्र होते.

5. व्यत्ययाच्या बाबतीतील मर्यादा

वरील प्रतिसाद पाहून नियंत्रक उत्तम बसला, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. औद्योगिक प्रक्रियेत इष्ट मूल्य क्वचित बदलते. व्यत्यय मात्र सतत येत असतात. आत येणारे पाणी अचानक 6 °से. ने थंड झाले असे मानू. हा व्यत्यय तापकाचा आदेश 10 टक्क्यांनी कमी होण्याइतका आहे. λ = 100 असताना तापमानातील घट पुढीलप्रमाणे येते.

y(t) = 3 · (e^(−t/300) − e^(−t/100))

यात दोन कालांक आहेत. 100 सेकंदांचा कालांक अभियंत्याने मागितलेला आहे. 300 सेकंदांचा मात्र प्रक्रियेचा स्वतःचा असून तो कोठेही गेलेला नाही. तापमान सुमारे 165 सेकंदांनी जास्तीत जास्त 1.15 °से. ने खाली जाते, आणि 900 सेकंदांनंतरही 0.15 °से. ने कमीच असते.

याचे कारण व्युत्पत्तीतच आहे. Ti = τ घेतल्यामुळे नियंत्रकाचे शून्य प्रक्रियेच्या ध्रुवावर बसते व तो ध्रुव छेदला जातो. इष्ट मूल्याच्या मार्गावर तो त्यामुळे दिसत नाही. पण व्यत्यय प्रक्रियेच्या प्रवेशावर येतो, आणि तेथून तापमानापर्यंतच्या मार्गावर हा ध्रुव अबाधित राहतो. छेदला गेलेला ध्रुव नष्ट होत नाही. तो केवळ एका बाजूने पाहिल्यास दिसत नाही.

λ च्या तुलनेत τ जितका मोठा, तितका हा दोष ठळक होतो. तोच तापक व तोच प्रवाह ठेवून टाकी 300 लिटरची केल्यास K बदलत नाही, पण τ = 3000 सेकंद होतो. λ = 300 घेतल्यास Kc = 16.7 आणि Ti = 3000 सेकंद येतात. त्याच व्यत्ययानंतर घट 0.46 °से. पर्यंतच जाते, पण एका तासानंतरही 0.20 °से. घट शिल्लक असते.

स्कोगेस्टाड यांनी 2003 मध्ये यावर साधा उपाय सुचविला. मृतकाल नसताना संकलन काल τ आणि 4λ यांपैकी जो लहान असेल तो घ्यावा, असा तो नियम आहे. येथे 4λ = 1200 सेकंद होतो. Kc तोच ठेवून Ti = 1200 घेतल्यास एका तासानंतरची घट 0.20 वरून सुमारे 0.03 °से. वर येते. याची किंमत अशी की, इष्ट मूल्य बदलल्यावर तापमान आता बदलाच्या सुमारे 7 टक्क्यांनी वर जाऊन मग स्थिरावते. लहान टाकीत λ = 100 असताना 4λ = 400 हा 300 पेक्षा मोठा असल्यामुळे तेथे मूळ Ti = τ च कायम राहतो.

6. मृतकाल आणि विकलन क्रिया

पीआयडीतील डी ही क्रिया मृतकाल विचारात घेतल्यावर प्रकट होते. लहान टाकीतील तापमापक टाकीत नसून बाहेरच्या नळीत बसविला आहे, आणि टाकीपासून तेथपर्यंतच्या नळीत 2 लिटर पाणी मावते असे समजू. सेकंदाला 0.1 लिटर प्रवाह असल्यामुळे मोजमाप θ = 20 सेकंद उशिरा होते.

मृतकालाचा व्यस्त घेता येत नाही, कारण त्यासाठी भविष्यातील मूल्य माहीत असावे लागेल. म्हणून मृतकालाऐवजी (1 − θs/2)/(1 + θs/2) हे पाडे यांचे सन्निकटन घेतात. त्यातील अंश Q मध्ये उलटविता येत नाही, कारण त्यामुळे अस्थिर ध्रुव निर्माण होतो. छेद मात्र उलटविता येतो. वरीलच पायऱ्यांनी पुढील मूल्ये मिळतात.

Kc = (τ + θ/2) / [K(λ + θ/2)],  Ti = τ + θ/2,  Td = τθ / (2τ + θ)

λ = 100 साठी Kc = 4.7, Ti = 310 सेकंद आणि Td = 9.7 सेकंद येतात. τ च्या तुलनेत θ लहान असल्यास Td जवळजवळ θ/2 एवढा असतो. विकलन क्रियेचे काम मृतकालाचा अंशतः भरणा करणे हे आहे, ही गोष्ट यातून स्पष्ट होते. θ = 0 घातल्यास आधीची पीआय सूत्रेच पुन्हा मिळतात.

मृतकाल असताना λ मनमानी लहान घेता येत नाही. रिव्हेरा व सहकाऱ्यांच्या मते या पीआयडी सूत्रांत λ हा 0.8θ पेक्षा मोठा असावा. मृतकाल विसरून तिसऱ्या विभागातील पीआय सूत्रच वापरले, तर λ < 2θ/π होताच वलय अस्थिर होते. वरील उदाहरणात ही सीमा 12.7 सेकंद आहे. मृतकाल नसता, तर λ = 10 ने केवळ तापकाची क्षमता अपुरी पडली असती; मृतकाल असल्यामुळे त्याच मूल्याने तापमान वाढत्या आंदोलनात सापडते.

7. प्रतिमान चुकल्यास काय दिसते

या टाकीत प्रवाह बदलला की प्रतिमान बदलते. प्रवाह निम्मा, म्हणजे मिनिटाला 3 लिटर, झाल्यास K व τ दोन्ही दुप्पट होतात. परंतु Kc च्या सूत्रात τ/K हे गुणोत्तर येते, आणि ते बदलत नाही. ते केवळ टाकीचे घनफळ व तापकाची क्षमता यांवर अवलंबून आहे. म्हणून प्रमाणी गेन प्रवाहाबरोबर बदलण्याची गरज पडत नाही. बदलावा लागतो तो संकलन काल. अर्थात नळीतील मृतकालही प्रवाह निम्मा होताच 40 सेकंद होतो, हे λ निवडतानाच लक्षात घ्यावे लागते.

संकलन काल न बदलल्यास काय होते, हे मृतकाल नसलेल्या टाकीवर तपासता येते. नियंत्रक Kc = 5, Ti = 300 यांवरच असताना प्रवाह निम्मा झाला, तर इष्ट मूल्य बदलल्यावर तापमान सुमारे 6 टक्क्यांनी वर जाते. प्रवाह दुप्पट झाला, तर तापमान वर जात नाही. परंतु सुरुवातीला वेगाने जवळ येऊन उरलेले अंतर रेंगाळत कापते. त्रुटीचा सुमारे 36 टक्के भाग 430 सेकंदांच्या कालांकाने ओसरतो.

निदानाचा मार्ग यातूनच मिळतो. तापक मर्यादेत असूनही तापमान इष्ट मूल्याच्या वर जात असेल, तर प्रक्रियेचा कालांक प्रतिमानातील कालांकापेक्षा मोठा झाला आहे, असा संशय घ्यावा. ते अखेरच्या टप्प्यात रेंगाळत असेल, तर तो लहान झाला आहे. शीघ्र, वाढती आंदोलने दिसत असतील, तर मृतकाल कमी धरला गेला आहे. पहिल्या दोन प्रसंगी Ti सुधारावा. तिसऱ्या प्रसंगी λ वाढवावा.

8. निष्कर्ष

1. प्रथम-क्रम प्रक्रियेसाठी अंतर्गत प्रतिमान पद्धतीतून पीआय नियंत्रक कोणतेही सन्निकटन न करता निष्पन्न होतो. त्याचा संकलन काल प्रक्रियेच्या कालांकाएवढा असतो, आणि गेन λ या एकाच राशीने ठरतो.

2. विकलन क्रिया मृतकालामुळे उद्भवते. मृतकाल नसेल तर ती शून्य असते.

3. λ ची खालची मर्यादा मृतकाल आणि तापकासारख्या अंतिम घटकाची क्षमता यांवरून ठरते. मृतकाल नगण्य असला, तरी दुसरी मर्यादा उरतेच.

4. इष्ट मूल्याच्या चाचणीत निर्दोष ठरलेला नियंत्रक व्यत्ययानंतर τ एवढ्याच संथपणे सावरतो. म्हणून प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांकडून चाचणी करवून घेताना इष्ट मूल्यातील बदलाच्या जोडीला प्रवेशावरील व्यत्ययाची चाचणीही घेतली जावी. λ च्या चौपटीपेक्षा τ मोठा असल्यास संकलन काल 4λ पर्यंत खाली आणावा.